मोठ्या कंपनीच्या व्हेंडर यादीत नाव लावायचंय, फाइल परत आली. काय चुकलं?

शेडवाला_मकरपुरा

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. माणसं २३, त्यात वेल्डर ६. प्रेशर व्हेसल आणि साठवणीच्या टाक्या हे मुख्य काम, अधूनमधून हीट एक्स्चेंजर. गिऱ्हाईक म्हणजे पोर, नंदेसरी, पादरा रोडच्या मध्यम केमिकल कंपन्या. शिवाय दोन मोठ्या फॅब्रिकेटरांचं जॉबवर्क आम्ही करतो.

यंदा एका मोठ्या कंपनीकडे व्हेंडर म्हणून नाव नोंदवायला अर्ज केला. १४० पानांची फाइल झाली. तीन आठवड्यांनी चार शेरे मारून परत आली. मागितलेली मर्यादा कागदपत्रांशी जुळत नाही, आयएसओचा स्कोप अपुरा आहे, पूर्वीच्या कामांना आधार जोडलेला नाही, आणि दिलेल्या संदर्भांपैकी दोघांशी संपर्क झाला नाही. दुरुस्त करून ४५ दिवसांत परत द्यायची आहे.

पहिल्या पानावर मी असं लिहिलं होतं: "आम्ही सर्व प्रकारची प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, कॉलम, टाक्या, पाइपिंग व स्ट्रक्चर, सर्व धातूंमध्ये, २५ मिमी जाडीपर्यंत, उत्कृष्ट दर्जाने बनवतो." यात खोटं काहीच नाही. मग जुळत नाही म्हणजे नेमकं काय? रात्रभर फाइल चाळली, मला काही सापडलं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

दांडियाबाजारकर

भाऊ, घाबरू नका, पहिल्या फेरीत सगळ्यांच्या फायली परत येतात. तुमची उद्यम नोंदणी आहे ना? मग अनुभवाची अट तुम्हाला लागूच नाही. लघुउद्योगांना सूट आहे, तसं पत्र लिहून टाका. आणि आयएसओचं म्हणाल तर एजंटाकडून दुसरं काढून घ्या, आठ दिवसांत हातात मिळतं.

हिशोबवाली

दांडियाबाजारकर, यातलं अर्धंच बरोबर आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीत सूट देण्याची तरतूद सरकारी खरेदीत आहे, तीसुद्धा गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तरच. जिथे जिवाला धोका आहे अशा वस्तूंत खरेदीदार ती सूट बहुतेक देत नाहीत. खाजगी कंपनीवर तर ती बंधनकारकच नाही. शेडवाले दादांनी कंपनी सरकारी की खाजगी ते लिहिलेलं नाही.

दादा, मी सीए आहे, तुमच्या आर्थिक पानांबद्दल नंतर सविस्तर लिहिते. आधी एक सांगा, तुमची फर्म सुरुवातीपासून प्रायव्हेट लिमिटेडच होती का?

अन्नपूर्णा_कारेलीबाग

माझाही प्रश्न इथेच विचारते. मी कारखान्यांच्या कँटीनचं काम करते, रोजची ३०० ताटं. मलाही एका मोठ्या कंपनीच्या पॅनेलवर जायचंय. अन्न परवाना आहे, कामगारांचा पीएफ भरते. मलाही आयएसओ लागेल का?

निवृत्त_निरीक्षक

ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्याकडे परवाना, पीएफ-ईएसआयची चलनं आणि आताच्या कारखान्यांची पत्रं यांवर भर असतो. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

शेडवाले, मी २२ वर्षं गुणवत्ता तपासणीत होतो. त्यातली बरीच वर्षं अशाच फायली वाचण्यात आणि मग शेडवर जाऊन पडताळण्यात गेली. तुमच्या पहिल्या वाक्याचा त्रास सांगतो. वाचणाऱ्याच्या हातात एक कोष्टक असतं: कोणती वस्तू, कोणता धातू, किती जाडी, किती व्यास, किती वजन. त्याला प्रत्येक रकान्यात एक आकडा भरायचा असतो आणि त्या आकड्यामागे कागद शोधायचा असतो. "सर्व प्रकारची" आणि "सर्व धातूंमध्ये" हे शब्द आले की तो रकाना रिकामा राहतो.

आता २५ मिमी घ्या. हा आकडा कुठून आला? माझा अंदाज, तुमचं प्लेट रोलिंग मशीन २५ घेतं.

शेडवाला_मकरपुरा

हो काका, बरोबर. मशीनच्या पाटीवरच लिहिलंय.

निवृत्त_निरीक्षक

मशीन प्लेट वाकवतं, जोडत नाही. जोडण्याची मर्यादा वेल्डिंगच्या कागदांवर ठरते. तुमच्या पीक्यूआरमध्ये, म्हणजे वेल्डिंग पद्धतीच्या चाचणीच्या नोंदीत, चाचणीसाठी वेल्ड केलेली प्लेट किती जाडीची होती ते बघा. कार्बन स्टीलची वेगळी आणि स्टेनलेसची वेगळी.

शेडवाला_मकरपुरा

कार्बन स्टील १२ मिमी. स्टेनलेस ८ मिमी. वेल्डरांच्या चाचण्याही त्याच जाड्यांवर घेतल्या होत्या.

निवृत्त_निरीक्षक

मग तुमचा पहिला शेरा इथेच सापडला. वेल्डिंग पात्रतेचे नियम एएसएमई सेक्शन ९ मध्ये आहेत. त्याप्रमाणे, या जाडीच्या टप्प्यात चाचणीच्या प्लेटीच्या दुपटीपर्यंत तुम्हाला वेल्ड करता येतं. १२ ची दुप्पट २४. खालची मर्यादा ५. म्हणजे कार्बन स्टीलमध्ये तुमचे कागद ५ ते २४ मिमी म्हणतात आणि तुम्ही २५ मागितलेत. स्टेनलेसचं अंतर तर आणखी मोठं आहे: ८ मिमीच्या प्लेटीवर १.५ ते १६. तुम्ही "सर्व धातूंमध्ये २५" लिहिलंत. वाचणाऱ्याने स्टेनलेसचं पान उघडलं, १६ बघितलं आणि पेन उचललं.

वेल्डरांचंही असंच. १३ मिमी किंवा त्याहून जाड प्लेटीवर किमान तीन थर देऊन चाचणी झाली असती, तर त्या वेल्डराला जाडीची वरची मर्यादाच उरली नसती. एका मिलिमीटरसाठी तुमचे सहाही वेल्डर २४ वर अडकलेत. पुढच्या वेळी १२ ऐवजी २० ची प्लेट घ्या. पद्धतीची मर्यादा ४० वर जाते आणि वेल्डरही मोकळे होतात. खर्चात फरक प्लेटीचा आणि थोड्या इलेक्ट्रोडचा.

आणखी एक, हे बहुतेकजण विसरतात. वेल्डराने एखाद्या प्रक्रियेत सहा महिने काम केलं नाही तर त्या प्रक्रियेतली त्याची पात्रता संपते. कोणत्या वेल्डराने कोणत्या महिन्यात कोणत्या जॉबवर वेल्ड केलं याची नोंदवही ठेवता का?

शेडवाला_मकरपुरा

नोंदवही नाही. पण जॉबकार्डं सगळी जपून ठेवली आहेत. त्यावरून मागची दोन वर्षं भरून काढतो. काका, आजवर कुणी हे असं समोर बसवून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १८०० मिमी व्यास, ६ मीटर लांब, १६ मिमी जाड कार्बन स्टीलची व्हेसल. वजन सहा टनांच्या आसपास. क्रेन १० टनी. मग मागू किती? २४ की १६?

निवृत्त_निरीक्षक

दोन आकडे वेगळे लिहा: "आजवर पुरवलेली कमाल जाडी १६" आणि "कागदपत्रांनुसार शक्य जाडी २४". मर्यादा द्यायचं काम त्यांचं. काही कंपन्या सिद्ध झालेल्यावरच थांबतात, काही थोडी सूट देतात. तुम्ही दोन्ही आकडे उघड ठेवलेत की वाचणाऱ्याला तुमच्या बाकीच्या पानांवरही भरवसा बसतो. वजनाचंही तसंच, क्रेन १० टनी असेल तर १० च्या वर मागू नका. पाण्याची चाचणी कुठे घेता तेही लिहा. तुमच्या त्या व्हेसलमध्ये जवळजवळ १७ टन पाणी मावतं. खालची जमीन आणि आधार ते भार घेतात का, हे मी भेटीत हमखास विचारायचो.

बाहेरून करून घेता ते लपवू नका. डिश एंड विकत घेता, रेडिओग्राफी बाहेरची संस्था करते, हीट ट्रीटमेंटची भट्टी दुसऱ्याची, असं असेल तर एक पान त्यालाच द्या. रेडिओग्राफीवाल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असतो, त्याची प्रत जोडा.

पॅनेलवाला_वाघोडिया

माझा धंदा इलेक्ट्रिक पॅनेलचा, पण आयएसओच्या शेऱ्यावर मला सांगता येईल, कारण मीही तिथेच आपटलो होतो. माझ्या सर्टिफिकेटवर स्कोप होता "ट्रेडिंग अँड सप्लाय ऑफ इलेक्ट्रिकल गुड्स". मी पॅनेल बनवतो, विकत घेऊन विकत नाही! एजंटाने छापलेला नमुना मी न वाचता घेतला. तुमच्यावर काय लिहिलंय? पत्ता कुठल्या शेडचा आहे? मुदत तीन वर्षांची असली तरी मधल्या दरवर्षीच्या ऑडिटची पत्रं जोडली होती का?

शिवाय सर्टिफिकेट देणारी संस्था एनएबीसीबीसारख्या मान्यता मंडळाकडून मान्यताप्राप्त असावी लागते. आठ दिवसांत मिळणारं बहुधा तसं नसतं. मोठ्या कंपन्या ऑनलाइन नोंदीत नंबर घालून बघतात.

आमच्या क्षेत्रात याहून मोठी अडचण टाइप टेस्टची, म्हणजे नमुना पॅनेलच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीची. एर्डा ही चाचणी संस्था इथेच मकरपुऱ्यात आहे म्हणून बडोदेकरांना निदान प्रवास तरी नाही. पण पाच वर्षांपेक्षा जुना रिपोर्ट बरेच खरेदीदार घेत नाहीत, आणि पुन्हा चाचणी म्हणजे मोठा खर्च.

शेडवाला_मकरपुरा

आत्ता उघडून बघितलं. स्कोप "मॅन्युफॅक्चर ऑफ फॅब्रिकेटेड आयटम्स". प्रेशर व्हेसल हा शब्दच नाही. पत्ता बरोबर आहे. ऑडिटचं एक पत्र आहे, दुसरं संस्थेकडून मागवतो. स्कोप बदलायला ते पुढच्या ऑडिटपर्यंत थांबा म्हणतात.

निवृत्त_निरीक्षक

थांबू नका. स्कोपवाढीचं ऑडिट मधेही होतं, फी लागते. ४५ दिवसांत सर्टिफिकेट हातात आलं नाही तर अर्ज दिल्याची पोच आणि ऑडिटची तारीख जोडा. मी असल्या फायली अडवत नव्हतो, अटीवर पुढे पाठवायचो.

दांडियाबाजारकर

कामांच्या यादीबद्दल सांगतो. आमच्या ओळखीत सगळे हेच करतात: जितकी कामं तितकी लिहायची, ऑर्डरच्या प्रतीवरचे भाव काळ्या शाईने झाकायचे. यादी लांब असली की वजन पडतं.

निवृत्त_निरीक्षक

भाव झाकणं चालतं, बहुतेक कंपन्या भावाशिवायचीच प्रत मागतात. पण झाकताना वस्तूचं वर्णन, तारीख आणि ऑर्डर नंबर झाकला गेला तर तो कागद बाद.

लांबीचं मात्र उलटं आहे. चाळीस ओळींची यादी आणि मागे काहीच नाही, यापेक्षा सहा कामं पूर्ण साखळीसकट द्या. साखळी म्हणजे ऑर्डर, मंजूर ड्रॉइंगचं पहिलं पान, तपासणी संस्थेची रिलीज नोट, बिल किंवा चलन, आणि वापरणाऱ्याचं पत्र की वस्तू अमुक तारखेपासून चालू आहे. पाचही कागदांवर एकच टॅग नंबर दिसला पाहिजे. टॅग नंबर जुळला की मी पुढचं पान उलटायचो, एवढं ते सोपं आहे.

सहा कामं निवडताना तुमच्या कोष्टकाच्या कडा बघा. सगळ्यात जाड, सगळ्यात मोठा व्यास, सगळ्यात जड, एक स्टेनलेस, एक हीट एक्स्चेंजर, आणि एक गेल्या दोन वर्षांतलं.

शेडवाला_मकरपुरा

इथेच माझं खरं दुखणं आहे. गेल्या पाच वर्षांतल्या १९ मोठ्या कामांपैकी ११ जॉबवर्कची. आमच्या शेडमध्ये, आमच्या वेल्डरांनी केलेली. पण ऑर्डर मोठ्या फॅब्रिकेटरची आणि व्हेसलवरची पाटीही त्यांच्या नावाची. चारही हीट एक्स्चेंजर त्यातच. दिवसरात्र उभं राहून केलेलं काम आपलं म्हणून दाखवताच येऊ नये, याचं फार वाईट वाटतं.

निवृत्त_निरीक्षक

वाटणारच. पण माझं मत कडक आहे. पाटीवर ज्याचं नाव, उत्पादक तो. डिझाइनची, मालाची, चाचणीची जबाबदारी त्याने घेतलेली असते. ही कामं "पुरवठा" या यादीत घालू नका. "इतर उत्पादकांच्या गुणवत्ता आराखड्याखाली केलेलं फॅब्रिकेशन" असं वेगळं पान करा आणि त्यांच्या लेखी परवानगीनेच. ड्रॉइंग त्यांच्या गिऱ्हाइकाची मालमत्ता असते, परवानगीशिवाय जोडलंत तर दोन्हीकडून नाव जाईल.

रमणगामडी_वर्क्स

काका, आदर ठेवून असहमत. माझंही असंच शेड आहे. दोन वर्षांपूर्वी मी जॉबवर्कची पाच कामं मुख्य यादीतच दिली, सोबत मुख्य फॅब्रिकेटरचं पत्र की संपूर्ण फॅब्रिकेशन यांच्या शेडमध्ये झालं, आणि रिलीज नोटवर "तपासणीचं ठिकाण" म्हणून माझा पत्ता होता. त्यांनी धरली. तेच पत्र दुसऱ्या कंपनीने मात्र नाकारलं.

निवृत्त_निरीक्षक

तपासणीचं ठिकाण हा चांगला मुद्दा काढलात. तो कागद माझ्यासमोर आला असता तर मीही विचार केला असता. तरी पहिल्या यादीत घातलं नसतं.

हिशोबवाली

दादा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

शेडवाला_मकरपुरा

माफ करा ताई. २०२१ पर्यंत वडिलांच्या नावाने प्रोप्रायटरी फर्म होती, नंतर प्रायव्हेट लिमिटेड केली. १६ मिमीची ती मोठी व्हेसल २०२० ची, म्हणजे जुन्या नावावर.

हिशोबवाली

तेच वाटलं. वाचणाऱ्याला ते दोन वेगळ्या पॅनचे दोन वेगळे व्यवसाय दिसतात. जुन्या फर्मचा धंदा कंपनीने मालमत्ता, देणी आणि चालू ऑर्डरींसकट ताब्यात घेतल्याचा करार शोधा, तो जोडा, आणि यादीत त्या ओळीसमोर स्पष्ट लिहा. करार नसेल आणि जुनी फर्म नुसती बंद केली असेल तर ते काम तुमच्या कंपनीचं म्हणून धरलं जाईल याची खात्री मी देऊ शकत नाही. उद्यम नोंदणीही नव्या पॅनवर आहे ना, बघून घ्या.

उलाढालीचं प्रमाणपत्र तुमच्या सीएकडून तीन वर्षांचं घ्या. त्यावर १८ आकडी यूडीआयएन असलाच पाहिजे, २०१९ पासून तो सक्तीचा आहे आणि कंपन्या तो ऑनलाइन तपासतात. आकडा ताळेबंदाशी जुळवा. जॉबवर्कचं उत्पन्न आणि मालाची विक्री वेगळी दाखवायला सांगा. नाहीतर तांत्रिक पानांवर मोठमोठ्या व्हेसल आणि ताळेबंदात मालाची खरेदी नगण्य, हे विसंगत दिसतं.

शेडवाला_मकरपुरा

करार आहे, वडिलांनी नोटरी करून ठेवलाय. देवाची कृपा.

शेवटचा शेरा संदर्भांचा. पाच नावं दिली होती. एकजण नोकरी सोडून गेला, एकाने फोन उचलला नाही. आता नवीन देताना एक पेच आहे. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, सात व्हेसल दिल्यात. पण २०२३ मध्ये एकीच्या नोझलचा वेल्ड त्यांच्याकडच्या चाचणीत गळला. दुसऱ्या दिवशी माणसं पाठवून दुरुस्त केला, पुन्हा चाचणी झाली, आजतागायत चालू आहे. हा संदर्भ द्यावा का?

पॅनेलवाला_वाघोडिया

नका देऊ. फोनवरच्या माणसाला नेमकं गळलेलंच आठवतं.

निवृत्त_निरीक्षक

मी देईन. सात व्हेसल दिलेलं गिऱ्हाईक यादीत नाही, हे जास्त खटकतं. या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात, कळल्याशिवाय राहत नाही. पण कागदासकट द्या: त्रुटीची नोंद, कारण काय सापडलं, दुरुस्तीची पद्धत, पुन्हा केलेल्या चाचणीचा अहवाल. कारण काय होतं?

शेडवाला_मकरपुरा

इलेक्ट्रोड. पावसाळ्याचे दिवस, ७०१८ ओव्हनमधून काढून ताटात उघडे राहिले. त्यानंतर प्रत्येक वेल्डराला पोर्टेबल ओव्हन घेतला.

निवृत्त_निरीक्षक

हेच चार ओळींत लिहा. आणि संदर्भ देताना खरेदी विभागाचा माणूस देऊ नका, देखभाल विभागाचा द्या, वस्तू तो वापरतो. फाइल पाठवायच्या आठवड्यात त्याला स्वतः फोन करा, "कंपनीकडून विचारणा येईल, अमुक टॅग नंबरबद्दल" असं सांगा. अनोळखी नंबर म्हणून न उचललेले फोन मी फार बघितलेत.

शेडवाला_मकरपुरा

पाच आठवड्यांनी लिहितोय. पहिलं पान आता असं केलं:

"कार्बन स्टील व स्टेनलेस स्टीलच्या प्रेशर व्हेसल आणि साठवण टाक्या. आजवर पुरवलेली कमाल जाडी: कार्बन स्टील १६ मिमी, स्टेनलेस ८ मिमी. वेल्डिंग पात्रतेनुसार शक्य जाडी: कार्बन स्टील २४ मिमी, स्टेनलेस १६ मिमी. कमाल व्यास १८०० मिमी, कमाल वजन १० टन. डिश एंड, रेडिओग्राफी व हीट ट्रीटमेंट बाहेरून. त्यांचे तपशील पान ३१ वर. २०२१ पूर्वीची कामं पूर्वाश्रमीच्या फर्मच्या नावावर. हस्तांतरण करार पान १२ वर."

फाइल ५८ पानांची झाली. जॉबवर्कचं पान वेगळं दिलं. एका फॅब्रिकेटरने परवानगी दिली, दुसऱ्याने नाही. गळलेल्या नोझलची नोंदही जोडली. परवा त्यांचे दोघे शेडवर येऊन गेले. नोझलबद्दल विचारलं, मग थेट वेल्डरांकडे जाऊन ओव्हन उघडून बघितले. स्टेनलेसची जागा कार्बन स्टीलपासून वेगळी नाही यावर त्यांनी बोट ठेवलं, एकाच ग्राइंडिंग चकत्या दोन्हीकडे वापरल्या जात होत्या. ते मान्य करून त्याच दिवशी पत्र्याची आडभिंत घातली, चकत्यांना रंग लावला.

आज पत्र आलं. कार्बन स्टील व्हेसल आणि टाक्या १६ मिमीपर्यंत मंजूर. स्टेनलेससाठी आडभिंतीचे फोटो आणि एक महिन्याने पुन्हा भेट. हीट एक्स्चेंजर मी मागितलेच नव्हते, तरी पत्रात लिहिलंय की स्वतःच्या पाटीचं एक काम झाल्यावर अर्ज करावा.

रमणगामडी_वर्क्स

मनापासून अभिनंदन! पण त्या स्वतःच्या पाटीच्या पहिल्या एक्स्चेंजरसाठी गिऱ्हाईक कोण देणार? मीही तिथेच अडकलोय. कुणी लहान कंपनीकडून एखादा छोटा, १५०–२०० ट्यूबचा मिळवून सुरुवात केली आहे का?

निवृत्त_निरीक्षक

नंदेसरीत जुन्या एक्स्चेंजरच्या ट्यूब बदलायची कामं निघतात. संपूर्ण बंडल नवं करून आपल्या नावाने तपासणी करून घेता आली तर तो कागद उभा राहतो. पण ते "नवीन पुरवठा" म्हणून धरतात का, हे त्या कंपनीला आधी लेखी विचारा.

अन्नपूर्णा_कारेलीबाग

काका, मी वेगळा धागा काढलाय. वेळ मिळाला की बघा.